'चालू शकतो' या दोन शब्दांनी खुर्ची नाकारली

आज दुपारी एका पेशंटच्या मुलाने नकाराच्या पत्राचा फोटो पाठवला. तेव्हापासून डोकं तडकलंय. 'रुग्ण वॉकरच्या आधाराने चालू शकतो, सबब व्हीलचेअरची वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही.' विषय संपला!

काकांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात आणि ताकद जाते ती परत येत नाही. हे मंजुरी देणाऱ्यालाही ठाऊक असणार. पण त्याच्या हातात डॉक्टरांचं जे पत्र आलं त्यात चारच ओळी होत्या: आजाराचं नाव, 'वाढता अशक्तपणा', 'व्हीलचेअर आवश्यक', 'कृपया सहकार्य करावे'. सोबत जोडलेल्या तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं, 'चालणे: वॉकरसह, सुरक्षित'. नकार द्यायला आणखी काय लागतं?

ते 'सुरक्षित' कसं खपून गेलं ते मला माहीत आहे, कारण त्या तपासणीला मी तिथे होते. सकाळची वेळ होती, काका रात्रभर झोपून ताजेतवाने होते. डॉक्टरांनी चालून दाखवा म्हटल्यावर ते ताठ उभे राहिले, दाराच्या दिशेने पाच-सहा पावलं टाकली आणि म्हणाले, "बघा, अजून चालतो मी." आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेला माणूस डॉक्टरसमोर लंगडून कसा दाखवेल? काकू मागे उभ्या होत्या. रात्री संडासला जाताना हाच माणूस भिंत धरत जातो आणि कधी कधी रांगत परत येतो, हे त्यांनी मला बाहेर आल्यावर सांगितलं. आत कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. खुर्चीची शिफारस करणारं पत्र पेशंटच्या सकाळच्या चांगल्या पाच मिनिटांवर लिहायचं नसतं. त्याच्या दिवसातल्या वाईट तासावर लिहायचं असतं, आणि खुर्ची हातात पडेल तेव्हा त्याची जी अवस्था असेल तिच्यावर. मोजमाप, मंजुरी, जुळणी यात महिने जातात. आजार तोवर थांबत नाही.

संध्याकाळी नवीन पत्र लिहायला घेतलं. (डॉक्टर पुन्हा तपासून त्यावर सही करतील, हे आधी फोन करून ठरवलं.) काकांना दहा मीटर चालायला लावलं ते दुपारी, आणि एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा ४८ सेकंद लागले. दुसऱ्यांदा सहाव्या मीटरला उजवा गुडघा दुमडला आणि मी धरलं नसतं तर ते पडले असते. पत्रात हे असंच लिहिलंय. दोन महिन्यांत ते चार वेळा पडले, दोनदा रात्री, एकदा कपाळाला टाके पडले, हेही तारखांसकट लिहिलंय. 'वारंवार पडतात' हे वाक्य कुणीही लिहितं, वाचणारा त्यावरून पुढे सरकतो. तारीख आणि टाके वाचले की थांबतो.

मग ताकदीचे आकडे. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. तीन म्हणजे हात किंवा पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध जेमतेम उचलता येतो, दोन म्हणजे उचलता येत नाही, फक्त आडवा सरकवता येतो. काकांचा उजवा घोटा तीन महिन्यांपूर्वी चार होता, आज दोन आहे. खांदे चारवरून तीनवर आले. दोन तारखांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की आजार किती वेगाने पुढे जातोय हे वेगळं सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी पुढच्या परिच्छेदाला दिला. बहुतेक पत्रं तिथेच मार खातात. स्वस्त साधनाने का भागत नाही? काठीला एका हाताची पकड लागते, ती उरलेली नाही. वॉकरवर खांद्यांनी भार घ्यावा लागतो, आणि खांदेच कमजोर होत चाललेत. हाताने चाक ढकलायची साधी खुर्ची आम्ही काकांना प्रत्यक्ष देऊन पाहिली. सपाट फरशीवर थोडं अंतर गेले आणि हात मांडीवर गळून पडले. अपंगांसाठीची बॅटरीवरची स्कूटर म्हणाल, तर तिचं हँडल हात पुढे उचलून धरावं लागतं आणि धड स्वतः सावरावं लागतं. दोन्ही गोष्टी लवकरच जाणार. म्हणजे राहते बॅटरीवर चालणारी, सीटसकट मागे झुकणारी खुर्ची.

आणि 'झुकणारी' का, तेही लिहावंच लागतं. नाहीतर ती चैन समजून खोडतात. काकांना बसल्या जागी वजन इकडचं तिकडे करता येत नाही, त्यामुळे बैठकीच्या हाडांखाली त्वचा सतत दाबली जाते आणि तिथे जखम होते. पूर्ण सीट मागे झुकली की तो भार पाठीवर जातो. नुसती पाठ मागे नेली तर माणूस खाली घसरतो आणि कातडी खरचटते. मान दमायला लागलीये, म्हणून डोक्याला आधार. आज जॉयस्टिक बोटांनी चालते, उद्या बोटं गेली तर तीच खुर्ची हनुवटीने किंवा डोक्याने चालवता यायला हवी, म्हणून नियंत्रण बदलता येणारी यंत्रणा. प्रत्येक भागासमोर त्याचं कारण लिहिलंय. 'रुग्णाला आराम वाटेल' हे कुठेही लिहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. मंजुरी देणाऱ्यापुढे ढीग असतो, त्यात गरज नसलेलेही असतात, पैसे मोजकेच असतात. मान्य. खुर्ची लवकर दिली की चालणं सुटतं असंही डॉक्टर म्हणतात, आणि पक्षाघातातून सावरणाऱ्यासाठी ते खरंही असू शकतं. काका सावरणाऱ्यांतले नाहीत. त्यांच्याकडे रोज ठरावीकच ताकद असते. ती संडासापर्यंत पोचण्यात संपली तर जेवताना मान धरून ठेवायला उरत नाही.

मघाशी लिहायला बसले तेव्हा सगळ्यांचाच राग आला होता. आता डॉक्टरांवर तितका नाही. बाहेर पेशंटची रांग असताना चार ओळीच लिहिल्या जातात. पण ते 'सुरक्षित'? ते मागच्या भेटीच्या कागदावरून जसंच्या तसं उतरलंय, आणि त्याच्या मागच्या भेटीतही तेच आहे! त्याचा राग जात नाही. पत्रात एक आणि तपासणीच्या कागदावर भलतंच असेल तर वाचणारा कागदावर विश्वास ठेवतो, पत्रावर नाही.

काकांना आज विचारलं, त्या दिवशी डॉक्टरांना रात्रीचं का नाही सांगितलंत? म्हणाले, "ते विचारत होते चालता का. मी चालत होतो." यावर मला काही बोलता आलं नाही.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी तपासणीला जाताना पडल्याच्या तारखा, वेळ आणि जागा लिहून न्या, आणि शक्य असेल तर दुपारनंतरची वेळ मागा. 'चालून दाखवा' म्हटलं की दोनदा चालायला सांगा. पत्र हातात आलं की सोबतचा तपासणीचा कागदही मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कुठे 'स्वतंत्र' किंवा 'सुरक्षित' दिसलं, तर ते तिथेच दुरुस्त करून घेतल्याशिवाय अर्ज पुढे पाठवू नका.