ज्येष्ठमध, जास्वंद आणि बीपीची गोळी : फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

“बीपीवर रामबाण! सकाळी ज्येष्ठमधाचा चहा, संध्याकाळी जास्वंदीचा चहा घ्या. दोन्हींत भरपूर पोटॅशियम असल्याने बीपी आपोआप उतरतो. नैसर्गिक असल्यामुळे साइड इफेक्ट नाही, पंधरा दिवसांत गोळी सुटते. सर्वांना पाठवा.”

पहिला मुद्दा ज्येष्ठमधाचा, आणि तिथेच हा मेसेज सगळ्यात धोकादायक आहे. ज्येष्ठमधाने बीपी उतरत नाही, चढतो. पोटॅशियम वाढत नाही, घटतं.

कारण समजून घ्यायला सोपं आहे. मीठ आणि पाणी धरून ठेवून पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकण्याचा हुकूम मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक देतं. कॉर्टिसोल हे दुसरं संप्रेरकही तोच हुकूम देऊ शकतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून मूत्रपिंडात एक विकर, म्हणजे एन्झाइम, पहारा देतं आणि तिथे पोचणाऱ्या कॉर्टिसोलला निष्प्रभ करतं. ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसिरायझिन पोटात गेल्यावर त्यातून तयार होणारं आम्ल नेमकं हेच विकर बंद पाडतं. मग कॉर्टिसोल मोकळं सुटतं, अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम वाहून जातं.

किती ज्येष्ठमध म्हणजे जास्त? युरोपातल्या तज्ज्ञ समितीने दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही वरची मर्यादा सुचवलेली आहे. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर तरुण, निरोगी लोकांना दोन आठवडे रोज तेवढंच दिलं, तरी वरचा बीपी सरासरी ३ अंकांनी वाढला. आता घरचा हिशेब करू. एक चमचा पावडर साधारण ३ ग्रॅम भरते, दोन कपांना ६ ग्रॅम लागते. मुळात ४ टक्के ग्लिसिरायझिन धरलं तर ते २४० मिलिग्रॅम होतं. उकळताना त्यातलं निम्मंच पाण्यात उतरलं तरी १२० मिलिग्रॅम पोटात जातं. शिवाय मुळीत ते किती आहे हे वाणानुसार आणि पिकानुसार बदलतं, त्यामुळे तुमच्या डब्यातल्या पावडरीत नेमकं किती आहे ते चव घेऊन कळत नाही.

एक नमुना घेऊ. समजा, ६२ वर्षांच्या काकू टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी घेतात. बीपी १३२/८०, पोटॅशियम ४.१. त्या रोज दोन कप ज्येष्ठमधाचा चहा सुरू करतात. पहिल्या आठवड्यात वजन किलो-दीड किलोने वाढतं, संध्याकाळी चपलेचे वळ पायावर उमटतात. दुसऱ्या आठवड्यात बीपी १५४/९०. तिसऱ्यात जिना चढताना मांड्या गळतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पोट साफ होत नाही. इथे दोन गोष्टी एकमेकींवर चढतात. क्लोरथॅलिडोन पाणी काढताना पोटॅशियमही काढतंच, त्यात ज्येष्ठमधाची भर पडते. आणि अंगात मीठ-पाणी साठल्यामुळे शरीराने बीपी चढवणारी स्वतःची रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणा आधीच मंद केलेली असते. टेल्मिसार्टन त्याच यंत्रणेवर काम करतं, म्हणून त्याचा जोर कमी पडतो. डॉक्टरांना चहाचं माहीत नसेल तर बीपी वाढलेला पाहून ते लघवीची गोळी वाढवू शकतात, आणि पोटॅशियम आणखी खाली जातं. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे पाय सुजतात, त्यामुळे ते घेणाऱ्यांमध्ये सुजेचा दोष हमखास गोळीवर जातो.

पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की ते कमी समजतात. ३ च्या खाली हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती खरी असते, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांना तर त्याच्या वरही. कॅनडात ज्येष्ठमधाचं घरगुती पेय जेमतेम दोन आठवडे रोज एक-दोन ग्लास पिणाऱ्या ८४ वर्षांच्या गृहस्थांना अतिउच्च रक्तदाबासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं, ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. तेव्हा साइड इफेक्ट नसल्याचा दावा इथेच संपतो.

घसा बसला म्हणून एखादा दिवस छोटी काडी चघळणं आणि रोजचा चहा यांत फरक आहे. पण बीपीच्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या सेवनापासून दूरच राहा. खोकल्याच्या औषधांवर आणि तयार हर्बल चहांवर यष्टीमधु, मुलेठी किंवा ग्लिसिरायझा अशी नावं असतात, ती वाचा.

दुसरा चहा वेगळ्या कुळातला आहे, पण मेसेजने झाडच चुकवलंय. ज्यावर चाचण्या झाल्या ती गणपतीला वाहतो ती जास्वंद नव्हे, लाल अंबाडी आहे. तिची आंबट, गर्द लाल बोंडं वाळवून हा चहा करतात. इंग्रजीत दोन्ही हिबिस्कस, म्हणून घोळ होतो. पाकिटावर अंबाडीचं शास्त्रीय नाव सब्दरिफा लिहिलंय का ते पाहा.

याच्या बाबतीत थोडं श्रेय द्यायला हवं. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ जण होते, बीपी किंचित वाढलेला, त्यावर औषध चालू नसलेले. २४० मिली गरम पाण्यात सव्वा ग्रॅम बोंडं, असे रोज तीन कप सहा आठवडे घेतल्यावर वरचा बीपी सुमारे ७ अंकांनी उतरला; तशाच चवीच्या नकली पेयाने १ अंकाने. म्हणजे परिणाम खरा आहे, पण १६०-१७० वाल्याची गोळी सोडवण्याइतका नाही. तो पोटॅशियममुळे येतो असंही नाही. सव्वा ग्रॅम बोंडांतून पाण्यात येणारं पोटॅशियम एका केळ्यापुढे नगण्य आहे.

गोळ्या चालू असताना हा चहा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, एका कपापासून सुरुवात करा आणि दोन आठवडे रोज ठरावीक वेळी बसून बीपी मोजून लिहून ठेवा. वरचा आकडा १०० च्या खाली जात असेल किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर चहा थांबवा, गोळी नव्हे. गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्या, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत अंबाडीच्या अर्काने हायड्रोक्लोरोथायझाइडचं रक्तातलं प्रमाण वाढल्याचं दिसलं आहे. गरोदरपणात हा चहा नको.

गोळी सुटण्याबद्दल एवढंच की मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक बंद केल्यास बीपी उसळी मारतो, यांतल्या पहिल्या दोन, म्हणजे बीटा-ब्लॉकर, घेणाऱ्यांना छातीत दुखूही शकतं. डोस डॉक्टर पायरी-पायरीने उतरवतात.

ज्येष्ठमधाचा चहा आधीच सुरू असेल तर आजच थांबवा आणि त्याच आठवड्यात सिरम इलेक्ट्रोलाइट्स ही रक्ततपासणी करून घ्या. अशक्तपणा किंवा धडधड असेल तर लगेच ईसीजीही काढा. चक्कर येऊन पडणं किंवा हातपाय न उचलणं असेल तर थेट रुग्णालय गाठा. विकर पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बीपी उतरला नाही म्हणून घाबरू नका. पोटॅशियम भरून काढायला मात्र स्वतःहून कमी सोडियमवालं मीठ सुरू करू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांना किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ते उलट्या बाजूने, पोटॅशियम वाढवून, तितकंच धोक्याचं ठरतं.