तांबी आणि हार्मोनवाली: तीन महिन्यांचा एकच निकष दोघींना का लागत नाही

«तांबी बसवा नाहीतर हार्मोनवाली, आत परकी वस्तू गेली की पाळी बिघडणारच. तीन महिन्यांत सगळं जागेवर आलं नाही तर ती तुम्हाला मानवली नाही असं समजा आणि काढून टाका. आणि हार्मोनवालीने पाळी बंद झाली तर फारच सावध राहा, ते रक्त आतच साठत असतं.»

गर्भाशयात बसवायच्या गर्भनिरोधक साधनांबद्दलचा हा मेसेज माझ्याकडे इतक्यांदा आला आहे की आता शब्दही ओळखीचे झालेत. त्यात एक अर्धसत्य, एक घाईचा सल्ला आणि एक निखालस चूक आहे.

अर्धसत्य पहिल्या वाक्यात आहे. पाळी बदलते हे खरं, पण दोन साधनांमध्ये ती उलट दिशांनी बदलते. तांबीत हार्मोन नसतं. स्त्रीबीज दर महिन्याला सुटत राहतं, गर्भाशयाचं अस्तर नेहमीसारखं वाढतं आणि ठरल्या सुमारास गळतं. फरक पडतो तो गळताना. तांब्यामुळे अस्तरात सौम्य दाह राहतो, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं जास्त तयार होतात, आणि रक्ताची गुठळी विरघळवणारी यंत्रणाही तिथे जरा जास्त कामाला लागते. म्हणून रक्त जास्त जातं, एक-दोन दिवस जास्त जातं आणि ओटीपोटात कळा येतात. थोडक्यात, तारीख बहुधा टिकते, प्रमाण वाढतं.

हार्मोनवालीचं नेमकं उलट. ५२ मिलिग्रॅमच्या साधनातून सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन थेट गर्भाशयात झिरपतं. त्याने अस्तर पातळ होत जातं. मात्र हे एका रात्रीत होत नाही. मधल्या काळात अस्तराच्या वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि केव्हाही थोड्या थोड्या पाझरतात. त्यामुळे प्रमाण घटतं, पण तारीख विस्कटते. पहिल्या ९० दिवसांत तीस-चाळीस दिवस काही ना काही अंगावरून जाणं किंवा नुसते डाग पडणं अगदी सामान्य आहे. वर्ष सरताना तेवढ्याच दिवसांच्या टप्प्यात हा आकडा निम्म्याच्याही खाली आलेला असतो.

आता तीन महिन्यांच्या मुदतीकडे येऊ. दोन बायकांची उदाहरणं धरू. दोघींची आधीची पाळी पाच दिवसांची, दर वेळी सुमारे ३५ मिलिलिटर रक्त जाणारी, म्हणजे सर्वसाधारण.

पहिलीने तांबी बसवली. पहिल्या दोन-तीन पाळ्या सात दिवसांच्या, सुरुवातीचे दोन दिवस जोरात. प्रमाण ५० मिलिलिटरच्या आसपास. तिसऱ्या महिन्यात ती मेसेज वाचते आणि घाबरते. पण तिच्या नोंदवहीत पाहिलं तर पाळ्या २८-२९ दिवसांनीच येताहेत, मधल्या दिवसांत काही नाही, आणि तिसरी पाळी पहिलीपेक्षा किंचित हलकी आहे. ही उतरणीची दिशा आहे. तांबीचा त्रास बहुतेकींना तीन ते सहा महिन्यांत बराच कमी होतो, काहींना वर्षभर लागतं. पाळी पूर्वीइतकी हलकी मात्र होईलच असं नाही, हे बसवण्याआधीच सांगायला हवं.

दुसरीने हार्मोनवाली बसवली. तिच्या नोंदवहीत पहिल्या तीन महिन्यांत काहीच ताल दिसत नाही: चार दिवस डाग, सहा दिवस कोरडे, पुन्हा तीन दिवस तपकिरी स्राव. चिडचिड होणारच. पण पॅड मोजले तर ते पूर्वीपेक्षा कमी लागलेत. पाचव्या-सहाव्या महिन्यात मधली कोरडी पट्टी लांबत जाते. वर्षाच्या शेवटी अशा साधारण पाचपैकी एकीची पाळी पूर्ण थांबलेली असते, बाकीच्या अनेकजणींना एखाद-दोन दिवस हलकं जातं. कमी मात्रेच्या छोट्या साधनांमध्ये पाळी थांबण्याचं प्रमाण यापेक्षा कमी असतं. तिसऱ्या महिन्यात काढून टाकणारी बाई सगळा त्रास सोसते आणि फायदा दिसायच्या आत थांबते. हे मला सर्वात जास्त खटकतं.

म्हणून «किती दिवस?» हा एकच प्रश्न दोघींना विचारून चालत नाही. तांबीवालीने पॅड मोजावेत, हार्मोनवालीने डागांचे दिवस मोजावेत, आणि दोघींनी आकड्यापेक्षा महिन्यागणिक दिशा पाहावी.

तांबीच्या बाबतीत एक हिशोब मात्र आधीच करावा. ३५ मिलिलिटरवरून ५० वर गेलेल्या बाईचं वर्षाच्या तेरा पाळ्यांत सुमारे २०० मिलिलिटर रक्त जास्त जातं, म्हणजे ८० ते १०० मिलिग्रॅम लोह. अंगात साठा असेल तर ते आहारातून भरून निघू शकतं. पण जिची पाळी आधीच ८० मिलिलिटरच्या घरात आहे आणि हिमोग्लोबिन कमी आहे, तिच्यावर तेवढीच टक्केवाढ चांगलीच भारी पडते. तिने हार्मोनवालीचा विचार करावा. खूप रक्त जाणाऱ्या बायकांमध्ये तिचा उपयोग उपचार म्हणूनही करतात, वर्षभरात बहुतांश रक्तस्राव कमी होतो.

तांबीच्या जड पाळीला औषध असतं. आयबुप्रोफेनसारखी गोळी पाळीच्या पहिल्या दिवसापासून पाच दिवस घेतली की कळा आणि रक्त दोन्ही कमी होतात. मात्र पोटात अल्सर असेल तर ती नको. ॲस्पिरिन टाळावी, तिने रक्तस्राव वाढू शकतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडही वापरतात, पण रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास असेल तर नाही. दोन्हींची मात्रा डॉक्टरांकडून घ्यावी. पाळी सुरू होण्याआधीच सावधगिरी म्हणून गोळ्या घेण्याचा फायदा दिसत नाही.

राहिली ती चूक. रक्त साठण्यासाठी आधी अस्तर वाढावं लागतं आणि बाहेरची वाट बंद असावी लागते. हार्मोनवालीत अस्तर वाढतच नाही, आणि गर्भाशयमुख उघडंच असतं. गळायला काही नसतं म्हणून पाळी येत नाही. बहुतेकींचे बीजांडकोश काम करत राहतात, इस्ट्रोजेन बनतं, त्यामुळे ही रजोनिवृत्तीही नाही. साधन काढल्यावर अस्तर पुन्हा वाढू लागतं आणि पाळी परतते.

काळजीचे संकेत वेगळे आहेत. तांबी असताना पाळी चुकली तर आधी गर्भधारणेची चाचणी करावी, कारण तांबी पाळी थांबवत नाही. हार्मोनवालीने महिनोन्‌महिने शांतता दिल्यावर अचानक जुन्यासारखं रक्त जाऊ लागलं, किंवा तांबीच्या बाईची स्थिरावलेली पाळी एकाएकी जोरात झाली, तर साधन सरकलं किंवा पडलं का ते पाहावं. पहिल्या वर्षात शंभरात काही जणींचं साधन पडतं, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच. साधनाचा दोरा हाताला लागत नाही, आधीपेक्षा लांब लागतो किंवा टोचणारं प्लास्टिक जाणवतं, तर तपासून घेईपर्यंत दुसरं गर्भनिरोधक वापरावं. बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ताप, वास येणारा स्राव आणि ओटीपोटात वाढती वेदना एकत्र आली तर संसर्गाची शक्यता असते. तेव्हा नोंदवही बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवायला जावं.