अप्रेझलच्या फॉर्ममध्ये रजेची शिक्षा नको

आज दुपारी एका अप्रेझल फॉर्मवर मी सही केली नाही. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्याकडे हॉस्पिटलच्या क्लेम फाइल तपासतात. एका टीम लीडरनं त्याच्या टीममधल्या मुलीबद्दल लिहिलं होतं, "वर्षाचा बराच काळ रजेवर. टार्गेटच्या ५३ टक्केच काम. कमिटमेंट वाढवावी." अरे, ती बाळंतपणाच्या रजेवर होती! १८ ऑगस्ट ते १५ फेब्रुवारी, कायद्यानं दिलेले २६ आठवडे. त्यात कमिटमेंट कुठून आली?

माझा पाय मोडला तेव्हा मी चार महिने घरी होते. परत आल्यावर माझ्या फॉर्मवर साहेबांनी एकच ओळ लिहिली होती, "उपलब्धतेत सुधारणा आवश्यक." प्लास्टरमधल्या पायानं मी काय सुधारणा करायची होती? ती ओळ मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

बरं, हिशोब तरी नीट करावा. वर्षाचं टार्गेट १२०० फाइल, तिनं तपासल्या ६३६. पण ती कामावर होती १८३ दिवस, म्हणजे अर्धं वर्ष. मग टार्गेट ६०० धरायचं. म्हणजे तिनं टार्गेटपेक्षा जास्त काम केलंय आणि फॉर्म म्हणतो निम्मंच!

आणखी एक. फॉर्ममध्ये नव्या मुलांना शिकवण्याचं एक उद्दिष्ट होतं. ते ट्रेनिंग झालं नोव्हेंबरमध्ये. त्यापुढे यानं लिहिलं, "अपूर्ण." ती ऑफिसात नसताना जे काम आलं आणि संपलं, त्यापुढे "लागू नाही" लिहायचं आणि त्याचे गुण बाकीच्या उद्दिष्टांमध्ये वाटायचे. "अपूर्ण" म्हणजे तिला करता येत होतं आणि तिनं केलं नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? "कामाचा वेग कमी" या वाक्याचा. मी महिन्यांचे आकडे काढायला लावले. रजेवर जाण्याआधी साडेचार महिन्यांत ५१० फाइल. परतल्यावर फेब्रुवारीच्या तेरा दिवसांत ३०, कारण मधल्या काळात पॉलिसीच्या अटी आणि तपासायची स्क्रीन दोन्ही बदलल्या होत्या. मार्चमध्ये ९६. पूर्ण महिन्याचा वाटा १००. म्हणजे गाडी रुळावर आलेली होती. याच्या डोक्यात मात्र फेब्रुवारीचेच तेरा दिवस राहिले. एप्रिल ते ऑगस्टबद्दल त्यानं एक ओळही टिपून ठेवली नव्हती. माणूस मोठ्या रजेवर निघतो त्या आठवड्यातच तोवरच्या कामाचा शेरा लिहून, त्याला दाखवून ठेवायचा असतो. मार्चमध्ये ऑगस्ट आठवत नाही, कुणालाच नाही. माझ्या साहेबांनाही माझे अपघाताआधीचे आठ महिने आठवले नव्हते.

तो म्हणाला, "मॅडम, मग तिच्या फाइल ज्यानं ओढल्या त्याचं काय?" मान्य आहे, त्यानं जास्तीचं काम केलं. ते त्याच्या फॉर्ममध्ये ठळक लिही ना! तिच्या रेटिंगमधून कापून त्याला द्यायचं नाही. आणि हो, कुणी वर्षात महिनाभरच कामावर असेल तर रेटिंग देणं अवघड आहे, हेही खरं. सरकारी खात्यात गोपनीय अहवाल लिहिण्याआधी किमान तीन महिने काम पाहिलेलं असावं लागतं, तसं आपणही सरळ "मूल्यांकनापुरता काळ नाही" म्हणावं. इथे तर सहा महिने होते.

मी चिडून बोलले तेव्हा पोराचा चेहरा उतरला. पहिलंच वर्ष आहे त्याचं, शेरे कसे लिहायचे हे त्याला कुणी शिकवलंच नाही. मीही नाही. मग त्याला शेजारी बसवलं. त्यानं नव्यानं लिहिलं, "बाळ लहान असूनही उत्तम काम." हेही खोडायला लावलं. कौतुक असलं तरी त्यात बाळ कशाला? पुढच्या वर्षी प्रमोशन ठरवायला बसलेला माणूस फाइल नाही, बाळच वाचणार.

शेवटी असं ठरलं: "मूल्यांकनाचा काळ १ एप्रिल ते १७ ऑगस्ट आणि १६ फेब्रुवारी ते ३१ मार्च. या काळाच्या ६०० च्या टार्गेटपुढे ६३६ फाइल. शस्त्रक्रियेच्या बिलांमधल्या दुबार नोंदी अचूक पकडते. नकाराची पत्रं अधिक सोप्या भाषेत लिहावीत." रजा हा शब्द कुठेही नाही. सुधारणेची ओळ मी मुद्दाम राहू दिली, कारण ती कामाबद्दल आहे आणि तिला उपयोगी आहे. तिच्यावर दया दाखवून नुसतं गोड लिहिणं हाही अन्यायच.

सही केली. उद्या तो तिला फॉर्म दाखवणार आहे. मी त्याला सांगितलंय, आधी जुलैच्या फाइलपासून बोलायला सुरुवात कर.