खुंटी

खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल नेहमीप्रमाणे पाण्याखाली गेला आणि त्याच आठवड्यात माझ्या व्हायोलिनची दुसरी तार तुटली. तारेचं दुःख नव्हतं, ती जुनीच होती. नवी बसवायला घेतली तर तार जिच्यावर गुंडाळून ताणतात ती खुंटी हलेना. तारेचा ताणही नाही, तरी ही बाई जागची ढिम्म.

मी जोर लावला. खुंटीच्या ऐवजी माझं मनगट कुरकुरलं.

शेजारचे नाना म्हणजे आमच्या सोसायटीतला चालताबोलता सल्ला. आवाज ऐकून ते पक्कड घेऊनच आले. "अरे, नळाची चकती असते तशीच ही. एक हिसका दिला की सुटेल." बायकोच्या मते आधी खोबरेल सोडावं. "अहो, मुरांब्याच्या बरणीचं झाकण निघतं ना तेलाने?" मी दोघांनाही नम्रपणे थोपवलं. नम्रपणे म्हणजे, व्हायोलिन उचलून आतल्या खोलीत गेलो.

वाद्यदुरुस्तीवाल्या काकांना फोन केला. ते पंढरपूरच्या वाटेवर होते, पण खुंटीचं नाव काढताच वारी थांबवल्यासारखे बोलले. "पक्कड लावलीस तर फोन परत करू नकोस." खुंटी शंकूसारखी निमुळती असते, तीस मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर निमुळती. म्हणून ती पाचरीसारखी रुतते. त्यात लाकूड दमट हवेत फुगतं ते तंतूंच्या रेषेच्या आडवं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाहीच. खुंटी फुगते, आणि खुंट्या ज्यात बसतात त्या लाकडी पेगबॉक्सचं भोकही गोल न राहता किंचित लंबगोल होतं. गोल खुंटी, लंबगोल भोक, पुण्याचा आषाढ. पिळून सोडवायला गेलं तर सगळा जोर पेगबॉक्सच्या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या भिंतीवर येतो, आणि ती भोकापासून रेषेरेषेने चिरत जाते.

"मग काय करू?"

"काहीही करू नकोस. दोन दिवस."

हे मला जमण्यासारखं होतं. व्हायोलिन पेटीत, सोबत बुटांच्या खोक्यांमधल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि पेटी बंद. हेअर ड्रायर, ऊन, गॅसजवळची जागा सगळं वर्ज्य. उष्णतेने सरस सुटतो म्हणे. बाकीच्या तीन तारा थोड्या सैल केल्या, पण पूर्ण सोडल्या नाहीत. त्या सगळ्या सुटल्या तर ज्यावर तारा टेकतात ती घोडी आडवी होते आणि पोटातला लाकडी दांडा, साऊंडपोस्ट, तोही पडतो, मग खुंटीचं दुखणं परवडलं.

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया. खुंटी मागे ढकलायची ती बारीक टोकाकडून, म्हणजे पलीकडच्या भिंतीतून डोकावणाऱ्या टोकावर ठोकून. पण ठोका भिंतीने सोसायचा नाही, म्हणून खुंटीच्या डोक्याकडची भिंत कशावर तरी टेकलेली हवी. मी आजीच्या मशीनची लाकडी रीळ शोधून काढली. छान भोक होतं, पण त्यातून खुंटीचं डोकं जाणार कसं? हे मला रीळ हातात घेऊन पाच मिनिटं उभं राहिल्यावर सुचलं. मग एका ठोकळ्यात करवतीने खाच पाडली, तिला जुन्या चपलेचं चामडं चिकटवलं. खाचेत खुंटीचा दांडा बसला, डोकं खाली मोकळं, भिंत चामड्यावर.

हिने व्हायोलिन सरळ धरलं, श्वास माझ्याआधी रोखला. पार्सलच्या नूडल्सबरोबर आलेली काडी, जाड बाजूने, टोकावर उभी टेकवली. वर खलबत्त्यातला लहान बत्ता. टक. काही नाही. टक. काही नाही. मी जोर वाढवायच्या बेतात होतो, तेवढ्यात चौथ्या ठोक्याला आवाज बदलला. आधी भरीव ठक्‌ येत होता, आता पोकळ टुक्‌. खुंटी अर्धा मिलिमीटरही सरकली नसेल, पण शंकू एकदा केसभर मागे आला की सगळीकडूनच सुटतो. बोटांनी फिरवली, फिरली.

बॅटरीच्या उजेडात भोकाच्या आसपास चीर शोधली. अंगठ्याने हलकेच दाबून बघितलं, उघडणारी रेष नाही. खुंटीवर दोन चकाकते पट्टे होते, तिथेच ती घासत होती. त्यावर कोरडा साबण फिरवला. काकांनी साबणाबरोबर खडूही सांगितला होता, पण खडू घरात नव्हता, आणि माझा आत्मविश्वास तेवढ्यापुरता भरपूर होता.

नवी तार चढवली, सुरापर्यंत आणली, हात काढला. भर्रर्र. तार झोपली. पुन्हा चढवली, पुन्हा भर्रर्र. साबण इतका बेमालूम लागला होता की खुंटी आता कुठेच थांबायला तयार नव्हती.

नाना दारात उभे होते, हातात अजून पक्कड. "आता काय झालं?"

"खडू पाहिजे."

नाना घरी जाऊन नातवाचा खडू घेऊन आले. खुंटीवर ओढला, आत दाबत फिरवली. तार सुरात आली आणि थांबली. मी आणखी थोडी दाबणार, तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, पुरे. परत अडकवाल."