नुसती नजर फिरवा

"तुमचं मराठी चांगलं आहे. छापायला जायच्या आधी नुसती नजर फिरवा," असं म्हणत मॅडमनी वाचनालयाच्या वाचक-सर्वेक्षणाची चार पानी प्रश्नावली माझ्या टेबलावर ठेवली. नजर फिरवायची आहे असं म्हणणाऱ्याने ती स्वतः फिरवलेली नसते, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवं होतं.

सुरुवात गोड झाली. 'सुचना'तला सु मोठ्या रुबाबात दीर्घ केला, 'वाचनालाय'मधला जादा काना उडवला. मग आला प्रश्न ७ : 'आपण वाचनालयात साधारणपणे किती वेळा बसता?' मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा पुढे गेलो. चौथ्यांदा खालचे पर्याय वाचले : अर्ध्या तासापेक्षा कमी, अर्धा ते एक तास, एक तासापेक्षा जास्त. म्हणजे विचारायचं होतं 'किती वेळ'. एक काना जास्त पडला आणि वाचक दिवसभर उठाबशा काढायला लागला. संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस इथे काहीच बोलत नाही, कारण 'वेळा' हा शब्द शुद्धच आहे. तेव्हापासून मी आधी पर्याय वाचतो आणि त्यांच्यावरून प्रश्न काय असेल ते ओळखतो. ओळखलेला आणि छापलेला प्रश्न जुळला नाही, की पेन्सिल उचलायची.

वयाच्या प्रश्नाशी तर माझं वैयक्तिक भांडण झालं. पर्याय होते : १८ ते २५, २५ ते ३५, ३५ ते ४५, ५० च्या पुढे. पंचवीस वर्षांच्या माणसाला दोन घरं आणि सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला एकही नाही. मी सत्तेचाळीसचा आहे. चौकटींवरून दोनदा बोट फिरवलं, पण या प्रश्नावलीच्या मते मी पंचेचाळिशीनंतर कुठेतरी अंतर्धान पावलो होतो आणि पन्नाशीला पुन्हा प्रकट होणार होतो. '१८ ते २५, २६ ते ३५, ३६ ते ४५, ४६ च्या पुढे' असं केलं आणि अस्तित्वात आलो.

प्रश्न ५ वैवाहिक स्थितीचा होता. कोणतं पुस्तक घरी नेलं हे समजायला ही माहिती कशाला लागते, ते मला कळेना. हा निर्णय माझा नव्हता, म्हणून समासात एक शंका लिहिली आणि पुढे गेलो.

खरी गंमत प्रश्न ८ ला होती. 'आपण घरपोच पुस्तकसेवा वापरली आहे का? नसल्यास प्रश्न १२ वर जा.' मी आज्ञाधारकपणे १२ वर गेलो. तिथे विचारलं होतं : 'घरपोच आलेले पुस्तक वेळेवर आणि चांगल्या स्थितीत मिळाले का?' अहो, मी सेवा वापरलीच नाही म्हणून तर इथे आलो!

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मूळ मसुद्यात बरोबर होतं. नंतर प्रश्न ३ च्या खाली मी एकच प्रश्न वाढवला." त्या एका प्रश्नाने खालचे सगळे एकेक घर सरकले होते. संगणकाने प्रश्नांचे क्रमांक आपोआप बदलले, पण 'प्रश्न १२ वर जा' हे हाताने टाइप केलेलं वाक्य जागचं हललं नाही. पाटी तिथेच राहिली आणि गाव पुढे गेलं. सेवेचे प्रश्न आता ९ ते १२ होते, तेव्हा उडी १३ वर हवी होती. मी १३ केलं आणि खुर्चीत रेलून बसलो.

मग तो बारावा प्रश्न पुन्हा वाचला. 'वेळेवर आणि चांगल्या स्थितीत', खाली होय आणि नाही. पुस्तक वेळेवर आलं पण मधली सोळा पानं गळालेली, असा वाचक काय करेल? 'नाही'वर खूण केली तर आणणाऱ्या मुलाला बोलणी बसणार, 'होय'वर केली तर पानं कायमची गेली. सगळे फॉर्म गोळा करून 'नाही' मोजले, तरी उशीर सुधारायचा की बांधणी, हे कोणालाच सांगता येणार नाही. 'आणि' हा शब्द प्रश्नात दिसला की तिथे दोन प्रश्न एकाच तिकिटावर प्रवास करत नाहीत ना, ते तपासायचं. ('तसेच' आणि 'व' हे त्याचेच चुलतभाऊ.) मी त्याचे दोन प्रश्न केले : १२ ला वेळ, १३ ला स्थिती. फार समाधान वाटलं.

ते घरी जाईपर्यंत टिकलं. जिना उतरताना डोक्यात प्रकाश पडला. मी आत्ताच ज्याला १३ वर पाठवलं होतं, तो आता 'पुस्तक चांगल्या स्थितीत मिळाले का?' यावर जाऊन उभा राहणार होता. पुन्हा वर गेलो. १३ चं १४ केलं. शिवाय पहिल्या पानावर 'फक्त २० प्रश्न' असं आश्वासन होतं, आणि प्रश्न झाले होते २२. तेही बदललं.

खरं तर दुरुस्त्या संपेपर्यंत त्या जागी आकडा घालूच नये. 'प्रश्न ✱ वर जा' असं ठेवावं आणि अगदी शेवटी सगळे तारे शोधून आकडे भरावेत. मग हातात पेन्सिल घेऊन दोनदा चालत जावं : एकदा सगळ्याला 'होय' म्हणणारा माणूस होऊन, एकदा सगळ्याला 'नाही' म्हणणारा. नुसतं वाचून हे सापडत नाही, कारण वाचणारा सरळ खाली येतो आणि उड्या मारतच नाही.

असं चालतानाच शेवटचं भूत भेटलं. प्रश्न १४ ते १८ मध्ये १ म्हणजे 'पूर्ण असहमत' आणि ५ म्हणजे 'पूर्ण सहमत'. प्रश्न १९ ला अचानक १ म्हणजे 'अत्यंत समाधानी' आणि ५ म्हणजे 'अत्यंत असमाधानी'. पाच वेळा उजवीकडच्या घरात खूण केलेला हात सहाव्यांदा सवयीने तिथेच जातो. वाचनालयावर जीव टाकणारा माणूस असा एका ओळीत कट्टर शत्रू होतो. १९ ची पट्टी उलटी केली आणि प्रत डीटीपी ऑपरेटरकडे दिली.

दुसऱ्या दिवशी नवी प्रत आली. छापण्यापूर्वी पाच जणांकडून भरून घेऊ, असं मीच सुचवलं, कारण आता मला मिरवायचं होतं. संध्याकाळी भरलेले पाच फॉर्म घेऊन बसलो. काने, मात्रा, वय सगळं जागच्या जागी. वैवाहिक स्थितीच्या खाली मात्र प्रश्न ६ म्हणून ठळक अक्षरांत छापलं होतं :

'हे खरंच विचारायचं आहे का?' होय / नाही / सांगता येत नाही.

ऑपरेटरने माझी समासातली शंका इमानदारीने ओळीत घेतली होती आणि पर्यायही स्वतःच्या मनाने जोडले होते. चौघांनी 'नाही'वर खूण केली होती. पाचव्याने तो प्रश्न कोरा सोडला होता, पण 'घरपोच सेवा वापरली नाही' या खुणेशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'प्रश्न १४ वर जाऊ की १५ वर?'