तार ‘तुटत’ नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “लेख नेहमीप्रमाणे जड शब्दांनी फुगवलेला आहे. तारेवर हलके बोट ठेवले की तार तिथे तुटल्यासारखी होते आणि तुकडा वाजतो, एवढीच गोष्ट आहे. चौथ्या फ्रेटवर दाखवलेला बिंदूही चुकीचा आहे. आणि सतारीच्या जवारीवर हे नियम चालत नाहीत, त्याचे काय?”

महोदय,

मतभेदाला माझी हरकत नाही. मात्र ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दाला आहे. माझे किती लेख आपण वाचले आहेत हे मला ठाऊक नाही, पण तारेवर हलके बोट टेकवून उमटणाऱ्या हार्मोनिक स्वरांवरचा हा लेख शेवटपर्यंत वाचला असता तर आपले दुसरे वाक्य लिहिले गेले नसते, असे मला वाटते.

चूक आहे ती आधी मान्य करतो. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर तिचा पाचवा भाग नटपासून, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाशी तार जिथे टेकते त्या पट्टीपासून, १३० मिलिमीटरवर येतो आणि चौथा फ्रेट सुमारे १३४ मिलिमीटरवर असतो. आकृतीत मी बिंदू थेट फ्रेटवर काढला होता; तो नटच्या बाजूला चार मिलिमीटर सरकवायला हवा होता. आपली नजर तीक्ष्ण आहे, हे खुल्या मनाने सांगतो.

आता तुकड्याविषयी. गिटारची ११० हर्ट्झची मोकळी तार घ्या. सातव्या फ्रेटच्या वर, म्हणजे नटपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर, बोट केवळ टेकवा आणि दुसऱ्या टोकाला, ब्रिजजवळ, तार छेडा. तार खरोखरच तिथे तुटली असती, तर आपण छेडलेला दोन तृतीयांश लांबीचा तुकडा १६५ हर्ट्झने वाजायला हवा होता; त्याच फ्रेटवर तार दाबली की तोच स्वर येतो. प्रत्यक्षात ऐकू येतात ३३० हर्ट्झ, म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकातला स्वर. आपली कल्पना बाराव्या फ्रेटवर मात्र चपखल बसते, कारण तिथे दोन्ही तुकडे सारखे असतात आणि कुठल्याही हिशोबाने उत्तर २२० हर्ट्झच येते. बहुधा आपण तिथेच थांबला असाल.

तार छेडल्यावर तिचा आकार कोणत्याही क्षणी एकच असतो, पण त्या आकारात अनेक कंपने मिसळलेली असतात: पूर्ण तार एका कमानीत, दोन भागांत, तीन भागांत, आणि असेच पुढे. तीन भागांच्या कंपनात एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अंतरावरचे बिंदू हलतच नाहीत. हेच निस्पंद बिंदू. तिथे टेकलेले बोट या कंपनाला अडवत नाही. तिथे हलणाऱ्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या कंपनांना मात्र ते शमवते. नवा स्वर जन्माला येत नाही, आधीचा उघडा पडतो.

हे पुस्तकातून उचलले आहे असे आपल्याला वाटत असल्यास सांगतो, की मी बावीस वर्षे सतार वाजवतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली आहेत. एका कार्यक्रमापूर्वी मी नको त्या जागी छेडत राहिलो, हार्मोनिक उमटेना, आणि दोष तारेला देत बसलो. कारण कळल्यावर स्वतःचेच हसू आले. तोच अनुभव गिटारवर घ्या. तार मोकळी असताना एकोणिसाव्या फ्रेटच्या बरोबर वर, म्हणजे ब्रिजपासून एक तृतीयांश अंतरावर, छेडा आणि मग सातव्या फ्रेटवर क्षणभर बोट टेकवा. जवळजवळ काहीच उरणार नाही. ज्या बिंदूला तीन भागांच्या कंपनात स्थिर राहायचे होते, तोच बिंदू आपण ओढलात, त्यामुळे ते कंपन सुरूच झाले नाही. आता ब्रिजपासून सुमारे १०८ मिलिमीटरवर, म्हणजे एक षष्ठांश अंतरावर, छेडून तसेच बोट टेकवा. स्वर स्वच्छ उमटेल. बोट त्याच जागी होते, तार तीच होती. बोटाने तार तुटत असती, तर छेडण्याच्या जागेने स्वर नाहीसा झाला नसता. बोटाला रुंदी असते, म्हणून पहिल्या खेपेस बारीकशी कुजबुज ऐकू येईल. तिला कृपया पुरावा मानू नका.

जवारीचा मुद्दा आपण विजयाच्या थाटात मांडला आहे, म्हणून थोडक्यात. वीणा आणि तंबोऱ्याच्या रुंद, वक्र घोडीवर, छेडण्याच्या जागी निस्पंद बिंदू असलेली कंपनेही उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच नोंदवले आहे. तिथे तार घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, म्हणून तिचे टोक एका बिंदूवर बांधलेले राहत नाही. सतारीची जवारीही त्याच जातीची, आणि म्हणूनच वरचा प्रयोग मी गिटारवर सांगितला. मूळ लेखही साध्या ब्रिजविषयीच होता. त्यावर अधिक वाद घालण्याची मला गरज वाटत नाही.

सातव्या फ्रेटवर बोट टेकवून १६५ ऐकू आले की ३३०, तेवढे मात्र जरूर कळवा.