फॉलोअर्स वाढले, बरं मग पुढे?

परत एक मार्केटिंग प्लॅन रिव्ह्यूला आलाय. डिझाइन झकास, ग्राफ रंगीत, आणि पहिल्याच पानावर उद्दिष्टं काय तर "ब्रँड अवेअरनेस वाढवणे, ग्राहकांशी नातं घट्ट करणे, मार्केटमधलं स्थान मजबूत करणे". कोणाच्या मनात अवेअरनेस, आज किती आहे, किती करायचाय, कधीपर्यंत, यातलं एक अक्षर नाही. आणि शेवटच्या पानावर मेट्रिक्सचा टेबल: इंप्रेशन्स, फॉलोअर्स, लाइक्स, ईमेल ओपन रेट, वेबसाइट व्हिजिट्स. या दोन पानांची एकमेकांशी ओळखच नाही हो!

मी अशा वेळी काय करते, तर प्रत्येक मेट्रिकवर बोट ठेवून दोन प्रश्न विचारते. हा आकडा दुप्पट झाला तर पहिल्या पानावरचं कुठलं वाक्य खरं ठरेल? आणि हा निम्म्यावर आला तर तुम्ही नेमकं काय बदलणार? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा शांतता पसरते, कारण काहीच बदलणार नसतं, आकडा फक्त मंथली रिपोर्टमध्ये टाकायला हवा असतो.

अवेअरनेस हे ध्येय फालतू आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. रसेल कॉली नावाच्या माणसाने १९६१ मध्येच मांडून ठेवलंय की जाहिरातीचं ध्येय लिहायचं तर ऑडियन्स कोण, आज ते कुठे आहेत, किती बदल हवाय आणि किती काळात, हे आधी कागदावर आणा. म्हणजे "छोट्या व्यावसायिकांपैकी आज अमुक टक्के लोक न सुचवता आपलं नाव घेतात, वर्षभरात तमुक टक्के घेतील" असं. हे मोजायला सर्व्हे लागतो, कॅम्पेनच्या आधी एक आणि नंतर एक, त्याच प्रश्नांचा. इंप्रेशन्सवरून हे कळत नाही, कारण इंप्रेशन म्हणजे जाहिरात दाखवली गेली इतकंच, कुणी पाहिली की नाही, लक्षात राहिली की नाही, ते त्यात नसतं. ओपन रेटचं तर विचारूच नका, मेलमधली इमेज लोड झाली की मेल उघडला असं तो धरतो, आणि २०२१ मध्ये अॅपलने मेल अॅपमध्ये प्रायव्हसीचं फीचर आणलं, तेव्हापासून ते सुरू असलेल्यांच्या मेलमधल्या इमेजेस आधीच लोड होतात, त्यामुळे माणसाने मेल उघडला नसला तरी उघडल्याची नोंद होऊ शकते.

बरं, या प्लॅनवाल्यांना खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की अवेअरनेस वगैरे ठीक, पण वरून खरा दबाव आहे तो नव्या पेड ग्राहकांचा. मग तेच लिहा ना! प्रॉडक्ट हिशोबाचं सॉफ्टवेअर, आधी फ्री ट्रायल आणि मग सबस्क्रिप्शन. आकडे मी बदललेत पण गणित तेच: एका तिमाहीत २४० नवे पेड ग्राहक हवेत. सध्या तिमाहीत ९०,००० व्हिजिट्स येतात, त्यातले २ टक्के ट्रायल घेतात म्हणजे १,८००, आणि ट्रायलवाल्यांपैकी ८ टक्के पैसे भरतात म्हणजे १४४. खड्डा ९६ ग्राहकांचा.

आता हा खड्डा निव्वळ ट्रॅफिकने भरायचा म्हटलं तर दीड लाख व्हिजिट्स लागतील, तेही नवे लोक जुन्यांइतकेच गरजू असतील असं धरून, आणि ते सहसा नसतात. याउलट ट्रायलनंतर पैसे भरणारे ८ चे १२ टक्के झाले तर आहे त्याच ट्रॅफिकमध्ये २१६ होतात, मग उरलेले २४ ग्राहक व्हिजिट्स एक लाखावर नेल्या की जमतात. ८ चे १२ करणं सोपं आहे असं नाही, पण निदान कुठे जोर लावायचा ते दिसतं. आणि प्लॅनमध्ये ट्रायल घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं, तो पहिलं बिल बनवतो का, कुठे अडकतो, यावर एक ओळ नाही, एक पैसा नाही! सगळं बजेट फॉलोअर्स आणि व्हिडिओवर. गळका हंडा घेऊन विहिरीवर फेऱ्या वाढवायच्या, असला प्रकार.

म्हणून मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं की टेबल पुसून टाका आणि तीनच आकडे ठेवा: नवे ट्रायल, पहिल्या आठवड्यात पहिलं बिल बनवणारे, आणि पेड होणारे. प्रत्येकासमोर आजचा आकडा, टार्गेट, आणि कोण बघणार त्याचं नाव. फॉलोअर्स मोजायचे तर मोजा, पण वेगळ्या शीटमध्ये, आणि त्यावर बजेटचे निर्णय घेऊ नका. मधला आकडा मी मुद्दाम घातलाय कारण पेड झाल्याचं कळायला ट्रायल संपेपर्यंत थांबावं लागतं, हा आधीच इशारा देतो. अर्थात पहिलं बिल बनवणारेच पुढे पैसे भरतात हा माझा अंदाज आहे, जुन्या ट्रायल्सचा डेटा काढून तपासल्याशिवाय तोही टेबलात घेऊ नका असंही खाली लिहिलंय.

त्यावर उत्तर आलं, "पण मॅडम, मग रिपोर्टमध्ये वाढ दिसणार नाही." खरंय, पहिल्या महिन्यात नाहीच दिसणार. ते वरच्यांना आत्ताच सांगा, बजेट मंजूर व्हायच्या आधी.